बिडाचा तवा: नागपूरला जाऊन परत आलेलं पार्सल

(स्वयंपाकघराचा ओटा, खिडकीचा उजेड, फोन स्टँडवर. बॉक्स उघडण्यापासून तवा हातात येईपर्यंत कुठेही कट नाही. पार्श्वसंगीत नको, तव्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.)

नमस्कार मंडळी. हा बॉक्स कोल्हापुरातून माझ्या मावसबहिणीकडे नागपूरला गेला आणि तिने न उघडताच साध्या कुरिअरने परत पाठवला. दोन्ही वेळचे शिक्के यावर आहेत. आत तवा धड आहे की तडकलाय, ते आत्ता तुमच्यासोबतच मी बघणार आहे.

(बॉक्स चारी बाजूंनी फिरवून दाखवणे. पत्त्यावर कागद चिकटवलेला.)

हा कोपरा चेपलाय बघा. तुमच्याकडेही असा येऊ शकतो. बीड कडक असतं, पण ठिसूळही असतं. लोखंडी पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, बिडाचा थेट तुटतो. सुरुवातीला आम्ही नुसता बबल रॅप गुंडाळायचो. त्या पावसाळ्यात दोन ताईंकडे कान तुटलेले तवे पोचले. चूक आमच्या पॅकिंगची होती. तेव्हापासून दोन्ही कानांना पुठ्ठ्याच्या जाड टोप्या आणि खाली-वर दोन-दोन थर पुठ्ठा.

(टेप कापणे, पुठ्ठे काढणे, तवा बाहेर. कान जवळून.)

कान शाबूत आहेत. पण केसासारखी बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आता आवाज.

(तवा एका कानाने उचलून लाकडी उलथन्याने टिचकी. दोन सेकंद शांतता.)

ऐकलंत? टण्ण करून घुमला. तडा असता तर बद्द वाजला असता. तुमचा तवा आला की हे आधी करा आणि व्हिडिओ काढून ठेवा. बद्द वाजला तर ४८ तासांत तो व्हिडिओ आम्हाला पाठवा, दुसरा तवा येईल. दोन्ही वेळचं कुरिअर आमच्याकडे.

(वजनकाटा.)

२ किलो ७४०. आम्ही लिहिलंय २ किलो ८००. वाळूच्या साच्यात ओतलेला माल आहे, थोडं कमी-जास्त होतंच. व्यास ११ इंच. मनगट दुखत असेल, एका हाताने तवा उचलून धुवायची सवय असेल, तर हा घेऊ नका. ९ इंची बघा, तो बराच हलका आहे.

(खिडकीच्या उजेडात पृष्ठभाग, कॅमेरा अगदी जवळ.)

इथे मोहरीएवढी दोन छिद्रं आहेत. ओतताना हवा अडकली की अशी राहतात. घावन त्याला चिकटत नाही, पण तवा गुळगुळीतही दिसत नाही. कानाखाली साच्याच्या जोडाची रेघ आहे. ती कानशीने घासलेली आहे, तरी बोटाला लागते. छिद्र ज्वारीच्या दाण्याहून मोठं असेल तर तो तवा आम्ही विकत नाही, परत भट्टीत वितळायला जातो.

(पांढरा कागद तव्यावर घासून कॅमेऱ्यासमोर.)

काळं निघालं. हा रंग नव्हे. तेल लावून तापवलेल्या थराचा सुटा भाग आणि ओतकामाची भुकटी आहे. काथ्याने आणि कोमट पाण्याने दोनदा धुवा, लगेच गॅसवर कोरडा करा, मग तेलाचा अगदी पातळ हात. जाड लावलंत तर चिकट होतो, ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

(धुतलेला तवा गॅसवर. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून फिरवणे. तांदळाच्या पिठाचं पातळ घावन.)

गॅस मध्यम. आधी बारीक आच, हळूहळू वाढवा. इंडक्शनवर चालतो, पण एकदम मोठ्या आकड्यावर ठेवू नका, तडकू शकतो.

(पहिलं घावन चिकटतं. ठेवायचं, कापायचं नाही.)

पहिलं चिकटलं. दुसरं कडेने सुटलं, मध्ये फाटलं. ‘पहिल्या दिवसापासून नॉनस्टिक’ असं आम्ही कुठेही लिहीत नाही, कारण तसं होत नाही. आठवडाभर भाकरी, थालीपीठ, तेल सोडून केलेलं काहीही करा. चिंचेचं, टोमॅटोचं यात शिजवू नका. थर निघतो आणि लोखंडाची चव येते. रात्रभर सिंकमध्ये राहिला तर सकाळी गंज दिसणार. त्यासाठी तवा बदलून मिळणार नाही, पण गंज काढता येतो. फोन करा, मी स्वतः सांगेन.

किंमत १,३५० रुपये, महाराष्ट्रात कुरिअर धरून. आमची भट्टी नाही. तवे आम्ही ओतून घेतो. निवडणं, घासणं, तेल लावून तापवणं आणि पॅकिंग आमच्या घरी, मी आणि माझे सासरे. आठवड्याला ४० तव्यांपलीकडे जात नाही, म्हणून ऑर्डरनंतर ८ ते १० दिवस लागतात. पाहुणे परवा येणार असतील तर बाजारातून घ्या.

(चौथं घावन. कडा आपोआप उचलते, उलथनं खालून सरकतं.)

हे बघा, सुटलं. लिंक खाली दिली आहे.