मालवण ट्रिप : माणशी ३,०००चा हिशोब (शुक्रवार १४ नोव्हेंबर, रात्री ११ पर्यंत)

मंडळी, आज बसून ग्रुप पार दिवाळीपासून वाचून काढला. निम्मे मेसेज सुरमई थाळी की कोंबडी-वडे यावरच आहेत, ते वगळले. बाकीचं माझ्या खात्याशी ताडून लिहितेय. ज्यांनी नुसता 👍 दिलाय त्यांनी मला अंगठाच दाखवला असं धरलंय.

आले : स्नेहा, मिलिंद, अश्विनी-रोहन (अश्विनीच्या खात्यातून एकदम ६,०००), विनयदादा (कात्रजला भेटून रोख, ग्रुपवर कुठेच नोंद नाही म्हणून मुद्दाम लिहितेय) आणि मी. सहा जणांचे १८,०००.

प्रसाद, तुझे आलेत, पण ३००. ६ तारखेला "डन ✅" टाकलंस, मीही "थँक्यू" म्हटलं, दोघांनीही आकडा बघितला नाही. वरचे २,७०० टाक.

बोललेत, आले नाहीत :
गौरी – "आज रात्री नक्की". ३, ८ आणि ११ तारखेला. रात्र कुठली ते तेवढं कळव.
तेजस – "पगार झाला की लगेच", हे ५ तारखेचं. तुझा पगार १ तारखेला होतो ना रे?
नीलेश – स्क्रीनशॉट टाकलाय, पण त्यावर "प्रोसेसिंग" दिसतंय आणि माझ्याकडे काहीच जमा नाही. तुझ्या खात्यातून कापले गेलेत का बघ. परत आले असतील तर पुन्हा पाठव. यात तुझी चूक नाही.

गप्प : केदार आणि अमोल. केदारने स्कूबाच्या पोलमध्ये पहिलं मत दिलं, नंतर नुसत्या निळ्या टिका. अमोल, काल वाढदिवसाच्या अकरा शुभेच्छांना अकरा थँक्यू दिलेस, मधल्या माझ्या मेसेजवरून मात्र उडी मारलीस. जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, कोणी रागावणार नाही. पैशांची अडचण असेल तर मला एकटीला लिहा, ग्रुपवर नको.

घाई का, तर १८ डिसेंबरला रात्री निघायचं म्हणजे नाताळची गर्दी आलीच. टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याला १०,००० आणि चार खोल्यांच्या २२,४०० पैकी निम्मे, ११,२००, रविवारी द्यायचेत. हातात १८,३०० आहेत, २,९०० कमी. काकूंनी चौथी खोली रविवारी संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलीय. तोवर केदार-अमोलचं उत्तर आलं नाही तर ती सोडतेय. मग दहा जण तीन खोल्यांत, एका खोलीत जादा गादी. गाडीभाडं तेवढंच राहणार, म्हणजे बाकीच्यांना माणशी जास्त बसेल.

पैसे टाकल्यावर इथे नाव आणि रक्कम लिहा. अंगठा नको.