प्रलंबित रिटर्न कुठवर आली आणि अजून कोणती कागदपत्रं द्यायची राहिली

लातूर, ३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,

सा. न. दिवाळीनंतर दोनदा ऑफिसला फोन केला. एकदा तुम्ही तहसीलला गेला होतात, दुसऱ्यांदा ऑफिसातल्या मुलाने "सगळं झालंय ताई, काळजी करू नका" असं सांगितलं. त्यावर मी निर्धास्त झाले असते, पण काल रविवारी दुपारी अंबाजोगाईला दुकानात बसून प्रशांतने आणि मी जीएसटीच्या साइटवर "Search Taxpayer" मध्ये दोन्ही नंबर टाकून पाहिले. जे दिसलं ते आणि फोनवर ऐकलेलं जुळत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. यात तक्रारीचा सूर वाटला तर माफ करा. अण्णांचं आणि तुमचं वीस वर्षांचं नातं मला माहीत आहे. ९ डिसेंबरला अण्णा गेले त्या आठवड्यात फी न विचारता दुकानाच्या नव्या नंबरचा अर्ज तुम्हीच भरलात, तेही विसरलेले नाही.

आधी जुन्या नंबरचं, म्हणजे अण्णांच्या नावावरच्या दुकानाचं. साइटवर तो अजून "Active" दाखवतो. भरलेल्या रिटर्नच्या यादीत शेवटची ओळ जानेवारी ते मार्च २०२५ तिमाहीची आहे. एप्रिल-जून आणि जुलै-सप्टेंबर या दोन्ही तिमाही कोऱ्या आहेत. नंबर रद्द झालेला नाही, तर निरंक का होईना, रिटर्न भरावंच लागतं ना? निरंकाला दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागतं आणि त्याला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे रक्कम मोठी नाही हे कळतं. पण अण्णांच्या नावापुढे "भरलेलं नाही" असा शेरा दिसला की जीव तुटतो. त्यांनी एका महिन्याचं चलनसुद्धा कधी उशिरा भरलं नव्हतं.

याच नंबरच्या क्रेडिट लेजरमध्ये १,१२,३४० रुपये पडून आहेत. दुकान प्रशांतच्या नावावर आल्याने ते आयटीसी-०२ फॉर्मने नव्या नंबरवर न्यायचे, असं तुम्ही जानेवारीत म्हणाला होतात. मी थोडं वाचलं, त्यात जुना नंबर रद्द करण्याचा अर्ज करण्याआधी आयटीसी-०२ भरावा लागतो असं आहे. म्हणून विचारते: रद्द करण्याचा अर्ज केला आहे का? केला नसेल तर एका परीने बरंच झालं, आधी क्रेडिट हलवू. केला असेल तर कोणत्या तारखेला केला आणि आता त्या पैशांचं काय, हे कळवा. आयटीसी-०२ ला सीएचं प्रमाणपत्र लागतं, ते तुम्हीच देणार की दुसऱ्या कोणाकडून घ्यायचं?

जालन्याच्या पाइपवाल्याचं १८ नोव्हेंबर २०२४ चं एक बिलही राहून गेलं होतं. माल ८२,००० चा, त्यावर जीएसटी १४,७६० रुपये. त्याने ते फार उशिरा टाकलं, पण आता आपल्या २बी मध्ये दिसतं. २०२४-२५ च्या बिलांचं क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबरची मुदत आहे. जुन्या नंबरची थ्रीबी अजून भरलेली नसेल तर हे बिल त्यातच घेता येईल का? तसं असेल तर ती रिटर्न निरंक टाकून मोकळं होऊ नका, ही विनंती. बिलाची मूळ प्रत माझ्याकडे आहे.

नव्या नंबरबद्दल एकच प्रश्न आहे, पण तो सगळ्यात तातडीचा. जुलै-सप्टेंबरची जीएसटीआर-१ तेरा ऑक्टोबरला भरलेली दिसते. थ्रीबी मात्र दिसत नाही. चलनाचे ३८,२१६ रुपये प्रशांतने १७ तारखेलाच भरले, पावती तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे. मुदत २५ ऑक्टोबरला संपली. पैसे कॅश लेजरमध्ये नुसते बसले आहेत आणि दिवसाला ५० रुपये चढत आहेत, आजपर्यंत नऊ दिवसांचे ४५० झाले. कुठे अडलं? ओटीपीसाठी थांबला असाल तर तो प्रशांतच्या जुन्या फोनवर येतो आणि तो फोन दुपारी एक ते तीन घरी चार्जिंगला असतो. सकाळी अकराच्या आत मागा, लगेच मिळेल.

त्याच तिमाहीतली एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. २२ सप्टेंबरपासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. प्रशांतने सॉफ्टवेअरमधला दर २५ तारखेला बदलला. मधल्या तीन दिवसांत चार संच जुन्या दराने गेले. चारही बिलांची मिळून करपात्र रक्कम १,४६,००० आहे, म्हणजे १०,२२० रुपये गिऱ्हाइकांकडून जास्त घेतले गेले. त्याच आठवड्यात पावसाने सगळ्यांची सोयाबीन पाण्यात होती. एकाच्या वावरात गुडघाभर गाळ होता आणि तो उधारीवर संच घेऊन गेला. हे पैसे आम्ही परत देणार हे नक्की आहे, प्रशांतने दोघांना दिलेही. कागदावर ते क्रेडिट नोटने कसं दाखवायचं आणि ऑक्टोबर-डिसेंबरच्या रिटर्नमध्ये कुठे धरायचं, तेवढं सांगा. २१ सप्टेंबर रात्रीच्या शिल्लक संचांची यादी सोबत जोडली आहे. तो माल १२ टक्क्यांनी घेतलेला, त्याचं क्रेडिट तसंच राहतं असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर दुरुस्त करा.

आता प्राप्तिकर. अण्णांचं १ एप्रिल ते ९ डिसेंबर २०२४ चं रिटर्न भरलं गेलं असं आम्ही समजत होतो. काल आईच्या लॉगिनमध्ये पाहिलं तर वारस म्हणून नोंदणीची विनंतीच "Rejected" आहे. कारण असं की पॅनवर अण्णांचं नाव "माणिकराव" आणि मृत्यू दाखल्यावर "माणिक". वारसाची नोंदणी नाही म्हणजे रिटर्न भरलेलंच नसणार. सोळा सप्टेंबर कधीच गेली. आता उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंतच भरता येईल. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,००० रुपये, वर गेलं तर ५,००० रुपये दंड, शिवाय कर निघाला तर त्यावर महिन्याला एक टक्का व्याज. दंड आम्ही भरू, त्यावर वाद घालणार नाही. पण विनंती नाकारल्याचं निदान तेव्हाच कळलं असतं तर दाखला ऑगस्टमध्येच दुरुस्त करून घेतला असता. काका, यापुढे काही नाकारलं गेलं, अडलं, की त्याच दिवशी मला एक ओळ टाका. वाईट बातमी असली तरी चालेल.

इथे एक शंका आहे. ९ डिसेंबरपासून नवा नंबर मिळेपर्यंत, म्हणजे ८ जानेवारीपर्यंतची विक्री जुन्या बिलबुकावरच झाली. जीएसटीत ती अण्णांच्या नंबरवर दाखवली आहे. प्राप्तिकरात ती कोणाच्या उत्पन्नात धरली? प्रशांतचं रिटर्न सप्टेंबरमध्ये भरलं, पडताळणी झाली, पोचपावतीही मिळाली. त्यात हा महिना धरला नसेल तर सुधारित रिटर्न लागेल का? त्यालाही ३१ डिसेंबरचीच मुदत आहे. मुदत ठेवींचंही तसंच: २६एएस मध्ये वर्षभराचं व्याज आणि टीडीएस अण्णांच्या पॅनवर आहे, पण ९ डिसेंबरनंतरचं व्याज आईचं.

अण्णांच्या नावावरच्या व्यवसाय कराच्या नोंदणीचं काय झालं तेही पाहा. प्रशांतचे अडीच हजार जूनमध्ये भरले आहेत.

कागदपत्रांचा हिशोब असा. तुमच्याकडे पोचलेली: अण्णांचं पॅन, आधार, चालू खात्याचा एप्रिल ते मार्च उतारा, विक्रीची बिलबुकं, दुकानाची भाडेपावती.

माझ्याकडे तयार आहेत, शनिवारी आणते:
– आईचं पॅन आणि आधार
– अण्णांच्या बचत खात्याचा उतारा
– ठेवींवरच्या व्याजाचा दाखला, ९ डिसेंबरच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं दाखवलेला (बँकेत तीन हेलपाटे घातले तेव्हा कुठे मिळाला)
– जालन्याच्या बिलाची मूळ प्रत
– जास्त दराच्या चार बिलांच्या प्रती

अजून हातात नसलेली दोनच, पण दोन्ही महत्त्वाची. पहिला, दुरुस्त मृत्यू दाखला. नगरपरिषदेत अर्ज दिला आहे, सोबत पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडला. तो लांबला तर "माणिक आणि माणिकराव ही एकच व्यक्ती" असं आईचं प्रतिज्ञापत्र चालेल का, हे आजच कळवा, म्हणजे उद्या स्टँप घेता येईल. दुसरं, आई नॉमिनी असल्याचं बँकेचं शिक्क्याचं पत्र. मॅनेजर गुरुवारी देतो म्हणाले आहेत. वारसाचा पुरावा म्हणून तेवढं पुरतं ना, की कोर्टाचं वारस प्रमाणपत्रच लागेल? कोर्टाचं लागणार असेल तर ३१ डिसेंबर गाठणं अवघड आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ च्या खरेदी बिलांचं खोकं सप्टेंबरच्या पावसात पत्र्यातून गळून भिजलं. आईने एकेक बिल वेगळं करून पंख्याखाली जमिनीवर वाळवलं, वर वाट्या ठेवल्या होत्या. साठातली सतरा बिलं थर्मल कागदाची होती, ती पांढरी पडली. त्यांची यादी केली आहे. २बी मधून नंबर आणि रक्कम मिळाली, दुय्यम प्रती अकरा व्यापाऱ्यांनी पाठवल्या. उरलेल्या सहांसाठी नुसती २बी आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद चालेल की प्रत हवीच?

तुमच्याकडून मला हवं ते थोडं आहे. प्रत्येक रिटर्नपुढे भरलं की नाही, तारीख, एआरएन किंवा पोचपावती क्रमांक. हाताने कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवलात तरी पुरे. नव्या नंबरची थ्रीबी मात्र उद्याच भरा.

शनिवारी, ८ तारखेला शाळा सुटली की लातूरहून निघते, अडीचपर्यंत ऑफिसात पोचेन. प्रशांत आणि आई दोघेही येतील, आईचा फोन सोबत असेल, म्हणजे ओटीपी आणि सह्या एकाच बैठकीत होतील. ती वेळ जमत नसेल तर रविवारची कोणतीही सांगा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मनीषा

सोबत: २१ सप्टेंबरची शिल्लक मालाची यादी, पांढऱ्या पडलेल्या सतरा बिलांची यादी, १७ ऑक्टोबरच्या चलनाची पावती, वारस नोंदणी नाकारल्याच्या पानाचा फोटो