केळीच्या व्हिडिओची दीड मिनिटाची कट

भाऊ, नमस्कार.

४:१० चा व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांनी पाहिला, आवडला. तो वेबसाइटसाठी राहू द्या. पण प्रदर्शनातल्या स्टॉलवर चार मिनिटं कोणी उभं राहत नाही. त्यासाठी दीड मिनिटाच्या आत बसणारी वेगळी कट हवी आहे. खालच्या वेळा तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या ड्राफ्टच्या आहेत.

०:०० ते ०:२४ पूर्ण काढा, फिरणारा लोगोसुद्धा. सुरुवात थेट तापीच्या ड्रोन शॉटने, ०:२४ ते ०:२७. त्याला लागून ०:३१ ते ०:४३, घड कापून खांद्यावर घेतात तो. सगळ्यात जिवंत शॉट आहे, त्यात कात्री लावू नका.

०:४३ ते १:०९ नको. १:०९ ते १:२४, फण्या धुण्याचा हौद, पूर्ण ठेवा. तिथल्या बायकांचं लेवा बोलीतलं बोलणं ऐकू येऊ द्या, म्युझिक खाली घ्या. खाली इंग्रजी सबटायटल द्या, मजकूर मी पाठवते.

काकांचं भाषण १:३२ ला सुरू होतं. त्यातलं फक्त १:५१ ते २:०२ घ्या. काकांना मी समजावते, तुमच्यावर येऊ देणार नाही. कट जिथे झटका देते तिथे वर बागेचा शॉट टाका.

पॅकिंग २:२६ ते २:४४, पण मधले २:३१ ते २:३४ वगळा. तिथे एका पोराच्या डोक्यावर टोपी नाही, आणि परदेशी खरेदीदार आधी तेच बघतो.

आता खरी चूक. २:५८ ते ३:०६ मध्ये कोल्डरूमवर ‘३.५ अंश’ असं सुपर आलंय. ते १३.५ करा. ३.५ अंशात केळी काळी पडते, साल करपते. आपल्याच धंद्यातला माणूस हे वाचून हसेल! मोठ्या व्हिडिओतही हीच दुरुस्ती करा.

कंटेनर ३:१८ ते ३:२८, गाडीचा नंबर ब्लर करा. मग ३:४७ ते ३:५२ सगळे कामगार आणि शेवटी ३:५८ ते ४:०४ लोगो. माझ्या हिशेबाने ८५ सेकंद होतात.

निवेदन काढून टाका, तुकड्यातुकड्यांत ते बसणार नाही. हॉलमध्ये गोंगाटही असतो, त्यामुळे सुपर मोठे हवेत. म्युझिक नव्याने बसवा, जुनंच कापू नका. ‘फळांचा गुच्छ’ असं सुपरमध्ये दोनदा आलंय, तिथे ‘घड’ करा.

फाइल 1080p, mp4. एक सुपरसह, एक सुपरशिवाय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पहिली कट मिळाली तर शुक्रवारी सकाळी उत्तर देते. ही कट ठरलेल्या कामाबाहेरची आहे, तिचे किती होतात ते आधी कळवा.