साठा मूल्यांकन अहवाल : 31 मार्च 2025 अखेर

प्रति : सर्व भागीदार (सळई व सिमेंट विभाग)
दिनांक : 7 एप्रिल 2025

गोदामातला माल 31 मार्चला संध्याकाळी प्रत्यक्ष मोजला. मूल्यांकन गेल्या वर्षीप्रमाणेच भारित सरासरी पद्धतीने, दर खरेदीनंतर नवा दर काढून केले आहे. दरात गाडीभाडे धरले असून व्यापारी सूट वजा केली आहे. जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणून तो धरलेला नाही.

| माल | साठा | सरासरी दर (₹) | मूल्य (₹) | शेवटचा खरेदी दर (₹) |
|---|---|---|---|---|
| सळई 12 मिमी | 10,000 किलो | 52.76 | 5,27,600 | 54.00 |
| सिमेंट | 420 पोती | 300 | 1,26,000 | 294 |
| बांधणीची तार | 600 किलो | 68 | 40,800 | 68 |
| एकूण | | | 6,94,400 | |

शेवटच्या खरेदी दराने हाच साठा 7,04,280 रुपयांचा दिसतो, म्हणजे 9,880 रुपये जास्त. या फरकाबद्दल विचारणा झाली होती.

मुख्य फरक सळईत आहे. 12 मार्चला 9,000 किलो माल 54 रुपयांनी आला, तेव्हा गोदामात 50.90 दराचा 6,000 किलो माल होता. दोन्ही मिळून 15,000 किलो, 7,91,400 रुपये. भागून दर 52.76. त्यानंतर 5,000 किलो विकला गेला. सळई एकाच रॅकवर पडते, कुठली जुनी नि कुठली नवी हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे शिल्लक 10,000 किलोत त्याच प्रमाणात 4,000 किलो जुना माल धरला जातो. त्यावर किलोमागे 3.10 रुपये, म्हणजे 12,400 रुपये, आपण कधी दिलेलेच नाहीत. 54 चा दर लावला तर तेवढा नफा माल विकण्याआधीच पत्रकात येईल आणि त्यावर करही भरावा लागेल.

सिमेंटमध्ये उलटे झाले. भाव उतरल्याने शेवटच्या दराने मूल्य 2,520 रुपये कमी येते. तारेची डिसेंबरनंतर खरेदी नाही आणि सगळा साठा त्याच खरेदीतला, म्हणून तिथे फरक नाही.

लेखा मानक 2 नुसार खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यांतले कमी ते धरायचे. चांगले सिमेंट हमाली जाता 312 रुपयांना विकले जाते, म्हणून 300 कायम. मात्र भिंतीलगतच्या 10 पोत्यांत ओल शिरून गाठी झाल्या आहेत. त्यांचे पोत्यामागे 100 रुपयेच येतील. म्हणून 2,000 रुपये कमी केले. ताळेबंदात घ्यायचा अखेरचा साठा : 6,92,400 रुपये.

गिऱ्हाइकाला भाव सांगताना मात्र 54 चाच दर समोर ठेवावा, कारण विकलेला माल पुन्हा भरायला तोच लागणार आहे.

टॅलीत सळईच्या खात्याला `Last Purchase Cost` लागले होते. ते `Avg. Cost` केले आहे. आधी छापलेला साठ्याचा कागद लेखापरीक्षकांकडे देऊ नये.

लेखा विभाग