बीसीजी आणि क्षयरोग: १३ चाचण्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसचा सारांश

बीसीजी लस क्षयरोगापासून किती वाचवते, हे तपासणाऱ्या आणि १९४८ ते १९८० या काळात प्रसिद्ध झालेल्या १३ चाचण्या इथे एकत्र घेतल्या आहेत. मोजमाप सापेक्ष जोखमीचे आहे: लस टोचलेल्या गटातील क्षयरोगाच्या प्रमाणाला न टोचलेल्या गटातील प्रमाणाने भागायचे. उत्तर १ आले तर लशीने काहीच फरक पडला नाही, १ पेक्षा कमी आले तर फायदा.

प्रत्येक ठिकाणी लशीचा खरा परिणाम वेगळा असू शकतो असे धरणाऱ्या रँडम इफेक्ट्स मॉडेलने एकत्रित सापेक्ष जोखीम ०.४९ येते (९५ टक्के विश्वासांतर ०.३४ ते ०.७०), म्हणजे जोखीम सरासरीने निम्म्यावर. हा आकडा एकटा सांगितला तर वाचकाची दिशाभूल होते, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक चाचणीचा निकाल चौरसाने आणि त्याचे विश्वासांतर आडव्या रेघेने दाखवणारा फॉरेस्ट प्लॉट पाहिला की त्याचे कारण कळते.

प्लॉटवरच्या १३ चौरसांपैकी ११ उभ्या रेषेच्या, म्हणजे १ च्या, डावीकडे आहेत. पण ते एका जागी गोळा झालेले नाहीत. ब्रिटनमधील हार्ट आणि सदरलँड यांच्या चाचणीचा चौरस ०.२४ वर आहे आणि त्याची आडवी रेघ ०.१८ ते ०.३१ इतकी आखूड आहे. मद्रासच्या चाचणीत दोन्ही गटांत प्रत्येकी ८८,३९१ माणसे होती. लस घेतलेल्यांपैकी ५०५ जणांना आणि न घेतलेल्यांपैकी ४९९ जणांना क्षयरोग झाला. तिचा चौरस थेट १.०१ वर, रेघ ०.८९ ते १.१४. या दोन रेघा एकमेकींच्या जवळपासही येत नाहीत. दोन्ही चाचण्या मोठ्या आहेत, तेव्हा हा फरक योगायोगाचा म्हणता येणार नाही.

चाचण्यांमधली तफावत, म्हणजे विषमता, मोजणारे आकडेही तेच सांगतात. Q = १५२.२३ (१२ स्वातंत्र्यमात्रा, p < ०.०००१), निकालांतल्या फरकाचा योगायोगाने न उलगडणारा वाटा I² = ९२ टक्के, खऱ्या परिणामांमधला फरक मोजणारा τ² = ०.३१. सगळीकडे खरा परिणाम एकच धरणाऱ्या फिक्स्ड इफेक्ट मॉडेलमध्ये एकट्या मद्रासला सुमारे ४१ टक्के वजन मिळते आणि एकत्रित आकडा ०.६५ होतो, रँडम इफेक्ट्समध्ये तेच वजन १० टक्क्यांवर येते. नव्या ठिकाणी चाचणी घेतली तर तिथला खरा परिणाम कुठे पडेल, याचे ९५ टक्के अंतर ०.१५ ते १.५५ आहे. ते १ ओलांडून पलीकडे जाते, म्हणून ते एकत्रित आकडा दाखवणाऱ्या हिऱ्याच्या आकाराखाली वेगळ्या रेघेने दाखवले आहे.

या विषमतेचा बराचसा उलगडा चाचणीच्या ठिकाणाच्या अक्षांशाने होतो. चाचण्यांच्या एखाद्या वैशिष्ट्याशी निकालांचा संबंध तपासणाऱ्या मेटा-रिग्रेशनमध्ये अक्षांश घेतल्यावर τ² ०.०८ वर उतरतो, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश विषमता त्यात सामावते. २० अंशांवर अपेक्षित सापेक्ष जोखीम ०.७२, तर ५० अंशांवर ०.३०. मात्र अक्षांश लशीवर स्वतः काही करत नाही. हवामान, परिसरातील इतर मायकोबॅक्टेरिया असे काहीतरी त्यामागे असू शकते आणि १३ बिंदूंवरून ते वेगळे काढता येत नाही. हैतीची चाचणी १९ अंशांवरची असूनही तिथे सापेक्ष जोखीम ०.२० आहे, आणि अक्षांश धरूनही उरलेला I² ६८ टक्के आहे.