पायरी ४: बकेट एलिव्हेटरची मोटर

पॅनल २ च्या दाराला आतून चिकटवण्यासाठी. आयटीआयमधून आलेल्या दोन्ही अप्रेंटिसनी हा कागद वाचल्याशिवाय या पॅनलला स्क्रूड्रायव्हर लावू नये.

काजूच्या बिया खालच्या हॉपरमधून वर कुकरपर्यंत नेणारी ही मोटर. २ एचपी, थ्री फेज. पीएलसीच्या प्रोग्राममध्ये तिची पायरी अशी दिसते:

```
|     X0        X1     X2     X3      Y0   |
|--+--| |--+----| |----| |----| |-----( )--|
|  |  Y0   |                               |
|  +--| |--+                               |
```

X0 स्टार्टचं हिरवं बटण, X1 स्टॉपचं लाल बटण, X2 ओव्हरलोड रिले, X3 इमर्जन्सीचं मशरूम बटण. Y0 हे आउटपुट. ते २४ व्होल्टचा छोटा रिले ओढतं, तो रिले कॉन्टॅक्टरची कॉइल ओढतो आणि कॉन्टॅक्टर मोटर चालवतो. (आपल्या पीएलसीत X आणि Y चे नंबर अष्टमान पद्धतीचे आहेत. X7 नंतर X10 येतो. X8 शोधत बसू नका.)

या आकृतीला लॅडर म्हणतात ती शिडीसारखी दिसते म्हणून. दोन बाजूंचे दोन उभे दांडे आणि मध्ये पायऱ्या. वरिष्ठ लोक पायरीला ‘रंग’ म्हणतील, तो शिगम्यातला रंग नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पहिले पीएलसी आले, तेव्हा कारखान्यातले इलेक्ट्रिशियन रिलेची ड्रॉइंग वाचणारे होते. त्यांना नवी भाषा शिकावी लागू नये म्हणून प्रोग्रामही त्याच ड्रॉइंगसारखा काढला. पण या पायरीतून खरा करंट वाहत नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. इथे वाहतं ते फक्त हो किंवा नाही.

`-| |-` हा कॉन्टॅक्ट. तो पीएलसीला एकच विचारतो: हा बिट आत्ता चालू आहे का? असेल तर वाट मोकळी. `-|/|-` उलटं विचारतो: बंद आहे का? `-( )-` ही कॉइल. डावीकडून वाट तिच्यापर्यंत मोकळी पोचली तर बिट चालू, नाही तर बंद. कॉन्टॅक्ट वाचतो, कॉइल लिहिते. एकाच बिटाचे कॉन्टॅक्ट हवे तितके लावा. कॉइल मात्र अख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच. Y0 ची दुसरी कॉइल खाली कुठे घातलीत तर शेवटची पायरी सांगेल तेच खरं होईल, आणि वरची पायरी बरोबर असूनही मोटर का चालत नाही म्हणून तुम्ही दिवसभर डोकं खाजवाल.

आता होल्डिंग. पीएलसी एकच फेरी सतत मारत असतो: आधी सगळे इनपुट वाचायचे, मग पायऱ्या वरून खाली सोडवायच्या, मग आउटपुट बाहेर पाठवायचे. एक फेरी काही मिलिसेकंदांची. तुम्ही स्टार्ट दाबलात की ज्या फेरीत X0 चालू दिसतो, त्या फेरीत X1, X2, X3 तिन्ही चालू असतील तर Y0 चालू होतो. पुढच्या फेरीत पीएलसी खालची फांदी बघतो. तिथे Y0 चाच कॉन्टॅक्ट आहे आणि Y0 तर आताच चालू झालाय. म्हणजे वाट आता दोन ठिकाणांहून मोकळी आहे. बोट उचललंत, X0 बंद झाला, तरी खालची फांदी कॉइल धरून ठेवते. दर फेरीला Y0 स्वतःच्याच मागच्या फेरीच्या जिवावर उभा राहतो. जुन्या पॅनलमध्ये कॉन्टॅक्टरचा १३-१४ कॉन्टॅक्ट स्टार्ट बटणाला पॅरलल असायचा, तेच हे. पाच ओळींत:

```
LD   X0
OR   Y0
AND  X1
AND  X2
AND  X3
OUT  Y0
```

(सहा झाल्या. X3 नंतर घातला, तो का ते खाली आहे.)

साखळी एकदा तुटली की तुटली. स्टॉप दाबला, Y0 गेला, फांदीही गेली. बोट काढल्यावर X1 परत येतो, पण धरायला कोणी उरलेलं नसतं. पावसात दिवसातून चारदा लाईट जाते तेव्हा हेच आपल्याला वाचवतं. लाईट परत आल्यावर Y0 शून्यापासून सुरू होतो, मोटर आपोआप फिरत नाही. बकेटमध्ये अडकलेल्या बिया काढायला कुणाचा तरी हात आत असू शकतो. म्हणून इथे `SET` आणि लॅच रिले वापरायचा मोह आवरा.

आता प्रत्येक जण अडखळतो ती जागा. स्टॉप म्हणजे तोडणारं बटण, मग X1 चा कॉन्टॅक्ट `-|/|-` का नाही? कारण लाल बटण वायरिंगमध्येच एनसी आहे. कोणी हात लावलेला नसताना त्यातून २४ व्होल्ट येत असतात, X1 चा दिवा पेटलेला असतो. दाबलं की विझतो. ओव्हरलोडचा ९५-९६ आणि मशरूमही तसेच. म्हणून तिन्ही इथे साधे. चालण्यासाठी तिन्ही दिवे पेटलेले हवेत.

मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे हे उलटं केलेलं होतं: बटण एनओ आणि प्रोग्राममध्ये `-|/|-`. कागदावर दोन्ही सारखंच चालतं. पण उंदराने स्टॉपची वायर कुरतडली आणि कुणाला कळलंच नाही, कारण दिवा तसाही विझलेलाच असायचा. कन्व्हेअर थांबवायची वेळ आली तेव्हा लाल बटण कितीही दाबा, काही होईना. शेवटी मेन स्विच पाडला. आपल्याकडे तीच वायर तुटली तर X1 विझेल आणि मोटर तिथल्या तिथे थांबेल. प्रोडक्शनवाले ओरडतील, ओरडू देत.

X3 बद्दल. मशरूमचा एक कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय थेट तोडतो, पीएलसीला न विचारता. तो तसाच राहणार, त्याला सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडायचं नाही. पण सुरुवातीला तेवढंच होतं. मशरूम दाबलं की मोटर थांबायची आणि Y0 आत चालूच राहायचा. मशरूम फिरवून सोडलं की मोटर लगेच परत सुरू. ट्रायलला मी स्वतः समोर उभा होतो. म्हणून मशरूमचा दुसरा कॉन्टॅक्ट X3 वर घेतला.

हिरवं बटण काजूच्या चिकाने आत अडकून बसतं, हंगामात दोनदा तरी. तसं झालं की स्टॉप दाबलेला असेपर्यंतच मोटर थांबते, सोडला की चालू. आणि लाईट येतानाही ती आपणहून फिरेल. पीएलसीवर X0 चा दिवा बोट न लावता पेटलेला दिसला तर आधी आयसोलेटर पाडून टाळं लावा, मग बटण खोलून साफ करा.

ओव्हरलोड ट्रिप झाला तर निळं बटण लगेच दाबू नका. एलिव्हेटरच्या तळाच्या बूटमध्ये बिया कोंबल्यात का, बेल्ट एका बाजूला सरकलाय का, तिन्ही फेज येतायत का ते बघा. रिसेट केल्यावर X2 पेटेल, मोटर मात्र थांबलेलीच राहील. हिरवं बटण पुन्हा दाबावं लागेल, आणि ते दाबण्याआधी वरच्या माळ्यावर हाक मारून ‘कोण आहे का’ विचारायचं.