सहा चेंडू, चार धावा: रामबागेतून थेट

नमस्कार मंडळी! इंदूरच्या रामबागेतून, आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणातून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मी तुमच्याशी बोलतोय. मे महिन्याची संध्याकाळ, साडेपाच वाजलेत. सुट्टीतली ही फायनल आता शेवटच्या ओव्हरवर येऊन ठेपली आहे. वरच्या मजल्यानं केल्या ३७. खालच्या मजल्याच्या झाल्यात ३४. जिंकायला हव्यात चार धावा, चेंडू सहा आणि विकेट उरल्यात फक्त दोन!

मैदानाची स्थिती सांगतो. स्टंप म्हणजे लाल प्लास्टिकचं स्टूल. नॉनस्ट्रायकरच्या बाजूला तुळशीवृंदावन, त्याच्या कट्ट्यावर अंपायर म्हणून आजी. भिंतीपलीकडे मारलं की आऊट. आणि स्क्वेअर लेगला, मंडळी, खाटेवर पांढऱ्या धोतरावर काकूंच्या कुरडया वाळताहेत. त्यांना चेंडू लागला तर फलंदाज बाद, शिवाय सामना रद्द. काकू स्वतः दारात उभ्या आहेत.

गोलंदाज दादा, वय १६. चेंडूला अर्ध्या बाजूनं काळी टेप, त्यामुळे हवेत वळतोय. समोर पिंकीताई. आला, टाकला... हुकला! स्टुलाला घासून गेला की काय? नाही, स्टूल जागच्या जागी! पाच चेंडू, चार धावा.

दुसरा चेंडू, ताईनं ढकललाय दोरीवरच्या साडीकडे, साडीत अडकला, खाली पडला, एक धाव! आता मन्या स्ट्राइकवर.

तिसरा... थांबा, खेळ थांबलाय. आजी तुळशीला पाणी घालतायत. हे दिवेलागणीच्या आत व्हायलाच हवं, त्याला कोणाचा इलाज नाही. पण पाणी पिचवर ओघळलंय आणि गुडलेंग्थवर ओला पट्टा तयार झालाय! दादानं तो हेरलाय. टाकला तिथेच, चेंडू उसळलाच नाही, मन्याची बॅट वरून गेली. स्टूल आडवं! मन्या बाद! तीन चेंडू, तीन धावा आणि ही शेवटची जोडी.

आता कोण येतंय? मंडळी, मला श्वास घ्यायला वेळ द्या. छोटू येतोय. सात वर्षांचा छोटू, जो काल संध्याकाळपर्यंत लिंबूटिंबू होता. बाद झाला तरी बाद नाही, धावा केल्या तरी मोजायच्या नाहीत. आज सकाळी पोहे खाताना पिंकीताईनं जाहीर केलं, छोटू पक्का खेळाडू. इंदूरला मोठी परंपरा आहे. होळकरांच्या संघातून कर्नल सी. के. नायडू खेळले, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार होते ते. मुश्ताक अलींनी १९३६ मध्ये मँचेस्टरला शतक ठोकलं. आणि ८ डिसेंबर २०११ ला याच शहरातल्या होळकर स्टेडियमवर सेहवागनं २१९ धावा केल्या. आता त्याच शहरात छोटू गार्ड घेतोय. बॅट त्याच्या छातीपर्यंत येते.

चौथा चेंडू. दादा हळू टाकेल? छोटू ओरडतो, “दादा, भिया, हळू नको, पूरा टाक!” दादानं पूरा टाकला. चेंडू पायाला लागला, अपील! आजी म्हणतात, “अरे, लेकराला लागलं का?” नॉट आऊट. आमच्या अंगणात पायचीत नाहीच. दोन चेंडू, तीन धावा.

पाचवा. छोटूनं बॅट नुसती समोर धरली, कडेला लागून चेंडू मोरीकडे. पळा! एक धाव झाली, दुसरी नाही, पिंकीताईनं हात वर करून त्याला थांबवलं. शाबास, हे कप्तानाचं डोकं. स्ट्राइक ताईकडे आली. शेवटचा चेंडू, दोन धावा.

पण छोटू रडकुंडीला आलाय, त्याला शेवटचा चेंडू हवाय. आजी सांगतात, नियम म्हणजे नियम, बाळा. तो डोळे पुसून रनरच्या जागी उभा राहिला, पाय पुढे टाकून.

दादा धावत आला. ताईनं फिरवली बॅट, कुरडयांच्या दिशेनं! काकू किंचाळल्या! चेंडू खाटेखालून, हो, खालून गेला! बन्या लोळण घेत आत शिरलाय, वर धोतराला डोकं लावायचं नाही, चेंडू हाताला येत नाही. एक झाली! छोटू वळला, घसरला, गुडघा फुटला, उठला! बन्यानं चेंडू फेकला, छोटूची बॅट पुढे, रेघेवर... आत! आत आहे! आजींनी पाहिलं! खालचा मजला जिंकला!

काकू कुरडया मोजतायत. एकही तुटलेली नाही. दादानं छोटूला खांद्यावर घेतलंय, गुडघ्यातून रक्त येतंय. आणि तिकडे पिंकीताई भिंतीवरच्या स्कोअरमध्ये कोळशानं नवी ओळ लिहितेय: छोटू, नाबाद १.